मेहुण्याचे टेंडर टेबलावर आले तर: पंचायत सचिवाने फाईलपासून बाजूला कसे व्हावे

गोव्यात १९१ ग्रामपंचायती आहेत आणि सचिव बहुतेक आसपासच्याच तालुक्यातला असतो. बदली झाली तरी सासरचा, आजोळचा किंवा देवस्थानाचा एखादा धागा त्या गावात निघतोच. उत्तर गोव्यातल्या एका गटविकास कार्यालयात माझी नोकरीची वर्षे गेली. तिथे आलेल्या तक्रारींमध्ये लाच घेतल्याची प्रकरणे मोजकी होती. जास्त प्रकरणांत सचिवाने पैसा घेतला नव्हता, कुणाला मदतही केली नव्हती, फक्त ज्या फाईलला हात लावायला नको होता तिला हात लावला होता. नंतर तो सांगायचा, "मी काही चुकीचे केले नाही हो." ते खरेही असायचे, पण कागदावर दाखवायला त्याच्याकडे काही नसायचे.

म्हणून या लेखात एकच गोष्ट घेतो. आपले हितसंबंध गुंतलेली निविदा किंवा परवाना समोर आला, तर कनिष्ठ अधिकाऱ्याने बाजूला व्हायचे म्हणजे नेमके काय करायचे, कोणत्या दिवशी, कोणाला लिहून आणि कुठपर्यंत. उदाहरण रचलेले आहे, पण त्यातला प्रत्येक तुकडा कुठे ना कुठे पाहिलेला आहे.

प्रसंग

पेडणे तालुक्यातली एक पंचायत. वॉर्ड तीनमध्ये १८० मीटर गटार बांधायचे आहे. कनिष्ठ अभियंत्याने, म्हणजे जेईने, केलेला अंदाज ८ लाख ६० हजारांचा. निविदेची नोटीस ३ तारखेला लागली, अर्ज घेण्याची शेवटची तारीख १७ आणि उघडायचा दिवस १८. सचिवाची बायको त्याच गावची. ९ तारखेला, रविवारी, सासरी जेवताना मेहुणा सहज म्हणाला, "भावजी, ते गटाराचे काम आम्ही भरतोय हां."

"आम्ही" म्हणजे तो आणि त्याचा मित्र, दोघांची भागीदारी संस्था. संस्थेच्या नावात मेहुण्याचे आडनाव कुठेच नाही, त्यामुळे निविदेच्या कागदावरून हे नाते कुणालाही दिसणार नाही. त्यात आणखी एक गाठ आहे, जी सचिव स्वतः जवळजवळ विसरला होता. दोन वर्षांपूर्वी मेहुण्याने काँक्रीट मिक्सरसाठी एका पतसंस्थेकडून ४ लाखांचे कर्ज काढले, तेव्हा जामीनदार म्हणून सचिवाने सही केली होती.

आधी नियम काय म्हणतो ते नीट वाचा, अर्धवट नको

गोवा सरकारच्या कर्मचाऱ्यांना केंद्रीय नागरी सेवा वर्तणूक नियम, १९६४ लागू आहेत. त्यातला नियम ४ चा उपनियम ३ आपल्या कामाचा. त्याचा अर्थ असा: ज्या कंपनीत, संस्थेत किंवा व्यक्तीकडे आपल्या कुटुंबातले कुणी नोकरीला आहे, किंवा ज्या कंत्राटात आपला वा कुटुंबीयांचा अन्य कोणत्याही प्रकारे हितसंबंध आहे, ते प्रकरण सरकारी कर्मचाऱ्याने हाताळायचे नाही. ते वरिष्ठाकडे पाठवायचे आणि पुढे वरिष्ठाच्या सूचनेप्रमाणे त्याचा निकाल लागू द्यायचा.

हे वाचून अनेकजण नियम २ मधली "कुटुंबीय" या शब्दाची व्याख्या उघडतात आणि सुटकेचा श्वास सोडतात. त्या व्याख्येत पती किंवा पत्नी येते, पूर्णपणे आपल्यावर अवलंबून असलेली मुले येतात, आणि आपले किंवा जोडीदाराचे इतर नातेवाईक येतात, पण तेही पूर्णपणे आपल्यावर अवलंबून असतील तरच. स्वतः कमावणारा मेहुणा या व्याख्येत बसत नाही, सख्खा भाऊसुद्धा बसत नाही. "मग मी मोकळा," असे म्हणून सचिव निविदा उघडायला बसतो आणि तिथेच फसतो.

फसतो कारण नियमात पुढे "अन्य कोणत्याही प्रकारे हितसंबंध" हे शब्द आहेत, आणि जामीनकी त्यात सरळ येते. मेहुण्याला बिल मिळाले तर कर्जाचा हप्ता जाईल, बिल अडकले तर पतसंस्थेची नोटीस सचिवाच्या घरी येईल. या कंत्राटात सचिवाचा स्वतःचा पैसा अडकला आहे, मेहुणा कुटुंबीय असो वा नसो. शिवाय २०१४ साली नियम ३ मध्ये भर पडली. सार्वजनिक कामाशी संबंधित आपले खासगी हितसंबंध जाहीर करणे आणि स्वतःसाठी, कुटुंबासाठी किंवा मित्रांसाठी लाभ होईल असे निर्णय न घेणे, ही आता कर्तव्ये म्हणून लिहिलेली आहेत. मित्र हा शब्द तिथे आहे, हे पुष्कळांना माहीत नसते.

तिसरी जागा निविदेच्या कागदातच असते. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या निविदा नमुन्यांत जवळच्या नातेवाईकांची अट आहे. तिथली यादी वर्तणूक नियमापेक्षा कितीतरी रुंद आहे: आईवडील, आजीआजोबा, भाऊबहिणी, काकामामा, चुलत-मावस भावंडे आणि या सगळ्यांचे सासरकडचे जोड. असा नातेवाईक त्या कामाशी संबंधित विभागात ठरावीक पदांवर असेल तर कंत्राटदाराने निविदा भरायचीच नाही. तुमच्या पंचायतीच्या निविदेत अशी अट उतरवली आहे का, हे पहिल्याच दिवशी पाहा. असेल तर प्रश्न फक्त तुमचा राहत नाही, मेहुण्याची निविदाच अपात्र ठरू शकते.

पहिले काम: धागे कागदावर काढा

रविवारी रात्री घरी आल्यावर वहीच्या पानावर लिहून काढायचे. नाते कोणते, ते एका ओळीत. मग पैसा: उसने दिले-घेतले, जामीनकी, भागीदारी, भाड्याने दिलेली किंवा घेतलेली जागा, बायकोच्या नावावरची ठेव. मग सही: आपले नाव या माणसाच्या कोणत्याही कागदावर साक्षीदार, जामीनदार, वारस म्हणून आहे का. आणि शेवटी, या निविदेबद्दल आपण त्याच्याशी आजवर काय बोललो.

हा शेवटचा भाग लोक टाळतात आणि तोच सर्वांत जड असतो. आपल्या सचिवाला आठवते की दोन महिन्यांपूर्वी, नोटीस लागण्याच्या आधी, तो मेहुण्याला सहज म्हणाला होता, "वॉर्ड तीनचे गटार निघेल आता, आठेक लाखांचे." त्यात वाईट हेतू नव्हता. ग्रामसभेतही त्या गटाराची चर्चा झाली होती. तरी ते पानावर उतरले पाहिजे, कारण उद्या मेहुण्याची निविदा अंदाजाच्या अगदी जवळ आली तर हा प्रश्न कुणीतरी विचारणारच.

चतुर्थीला दारात आलेला नारळांचा पोता किंवा नाताळचा केक याही पानावर लिहायचा का? नात्यातला रोजचा पाहुणचार, एकत्र जेवण, गाडीतून सोडणे याला नियम भेट मानत नाही. पण निविदा भरणाऱ्या त्रयस्थ कंत्राटदाराकडून वरचेवर असे येत असेल तर लिहा, आणि मग थांबवा.

मेहुण्याशी या टप्प्यावर बोलायचे ते एवढेच: "मी हे काम बघणार नाही, तसे लिहून देतोय. तू निविदेतली नातेवाईकांची अट नीट वाच." अटीचा अर्थ सांगत बसायचे नाही, भर किंवा भरू नको हेही सांगायचे नाही. भरू नको सांगणे हाही निविदेत हात घालण्याचाच प्रकार होतो.

दुसरे काम: टिपणी, आणि ती योग्य माणसाला

इथे सर्वाधिक चूक होते. सचिव सोमवारी सरपंचांना सांगतो, "बाब, माझा मेहुणा भरतोय, तुम्ही बघा." सरपंच म्हणतात, "कांय जायना, आपलोच मनीस." आणि सचिवाला वाटते, आपण जाहीर केले.

तसे होत नाही. पंचायतीचा सचिव पंचायत संचालनालयाचा कर्मचारी असतो. त्याचा वरिष्ठ म्हणजे गटविकास अधिकारी आणि त्यावर संचालक. सरपंच हा निवडून आलेल्या मंडळाचा प्रमुख. त्याला कळवायचे ते माहितीसाठी, प्रतीच्या रूपाने. नियमाला हवे ते कळवणे वरिष्ठालाच, तेही लेखी.

टिपणी कशी असावी, तर साधारण अशी:

"विषय: वॉर्ड क्र. ३ मधील गटार बांधकामाची निविदा, नोटीस दिनांक ३. या कामासाठी निविदा भरू इच्छिणाऱ्या एका भागीदारी संस्थेत माझ्या पत्नीचा सख्खा भाऊ भागीदार आहे, हे मला दिनांक ९ रोजी त्याच्याकडून समजले. त्याच्या ४ लाख रुपयांच्या कर्जासाठी मी जामीनदार असून ते कर्ज अद्याप फिटलेले नाही. नोटिशीपूर्वी मी त्याच्याशी या कामाचा व त्याच्या अंदाजे रकमेचा उल्लेख केला होता. दिनांक ९ नंतर मी या निविदेसंबंधी कोणतेही काम केलेले नाही. त्यापूर्वी मी नोटिशीचा मसुदा केला व ती फलकावर लावली. निविदा स्वीकारणे, उघडणे, तुलनात्मक तक्ता, कार्यादेश, मुदतवाढ, मोजमाप, सर्व देयके व सुरक्षा ठेव परत करणे या सर्व टप्प्यांसाठी दुसऱ्या अधिकाऱ्याची लेखी नेमणूक करावी, ही विनंती. आदेश येईपर्यंत मी फाईल हाताळणार नाही. प्रत: सरपंच, माहितीसाठी."

यात विशेषणे नाहीत, "प्रामाणिकपणे" नाही, "माझी सचोटी" नाही. अशी वाक्ये घातली की टिपणी वाचणारा आधी त्याच शब्दांवर संशय घेतो. आहे ती फक्त माहिती: काय, केव्हा कळले, आजवर मी काय केले, पुढे काय मागतो. टप्प्यांची यादी मुद्दाम लांब ठेवली आहे, त्याचे कारण पुढे येईल.

टिपणी आवकमध्ये नोंदवून पोच घ्यायची. १० तारखेला दिली तर १८ पर्यंत आठ दिवस आहेत. १३ पर्यंत उत्तर नसेल तर आठवणपत्र, तेही पोच घेऊन.

"तूच बघ रे"

आठवणपत्र गेल्यावर बहुधा फोन येतो. गटविकास अधिकारी कामात बुडालेले असतात, शेजारच्या पंचायतीचा सचिव आधीच दोन चार्ज सांभाळत असतो. ते म्हणतात, "मेहुणा म्हणजे फॅमिलीत येत नाही. तूच उघड, तीन निविदा तर आहेत."

अशा वेळी वाद घालायचा नाही. त्याच दिवशी दोन ओळींचे पत्र द्यायचे: "आज दिनांक अमुक रोजी दूरध्वनीवर आपण मला निविदा उघडण्याचे निर्देश दिलेत. वर्तणूक नियम ३ प्रमाणे या तोंडी निर्देशाची लेखी पुष्टी मिळावी. माझ्या जामीनकीचा मुद्दा १० तारखेच्या टिपणीत नमूद आहे." तोंडी आदेशाची पुष्टी मागणे हे त्या नियमाने कर्मचाऱ्यावर टाकलेले काम आहे आणि ती देणे वरिष्ठावर. त्यामुळे हे पत्र उद्धटपणा ठरत नाही, कितीही तसे वाटले तरी.

माझ्या अनुभवात या पत्रानंतर दहापैकी आठ वेळा दुसऱ्या सचिवाच्या नेमणुकीचा आदेश निघतो, कारण "तूच बघ" असे लिहून सही करायला कुणी तयार नसते. उरलेल्या वेळी लेखी येते की तुम्हीच करा. तेव्हा करायचे, कारण नियम वरिष्ठाच्या सूचनेप्रमाणे वागा असेच सांगतो. फक्त उघडताना दुसऱ्या कार्यालयाचा एक अधिकारी हजर राहावा आणि तुलनात्मक तक्ता त्याने तपासून सही करावा, एवढे लेखी मागून घ्यायचे.

सरपंच इकडे वेगळ्या बाजूने येतात. "सेक्रेटरीबाब, तुम्ही असे बाजूला बसलात तर पावसाआधी गटार होणार नाही. लोकांच्या घरात पाणी शिरले की मला धरतील." त्यांची काळजी खोटी नाही. मेअखेर हुकली तर गटार ऑक्टोबरवर जाते. त्याला उत्तर म्हणजे टिपणी लवकर देणे. ९ ला कळले आणि १० ला दिली तर कामाचा एकही दिवस जात नाही. १७ ला दिली तर सरपंचांचे म्हणणे बरोबर ठरते, आणि तिसऱ्या निविदाकारालाही वाटते की सचिवाने मुद्दाम गोंधळ घातला.

तिसरे काम: चार्ज देताना काय द्यायचे

नेमणुकीचा आदेश आला की यादी करून सोपवायचे: निविदा पेटीची चावी, आलेल्या लिफाफ्यांची संख्या (लिफाफे न उघडता), आवक नोंदवहीतले क्रमांक, अनामत रकमेच्या पावत्या, मूळ फाईल पानांच्या क्रमांकासह. शेवटी वेळ आणि दोघांच्या सह्या. वेळ महत्त्वाची असते. १७ तारखेला दुपारी बारापर्यंत कोण पेटीजवळ होते, हा प्रश्न प्रत्येक तक्रारीत येतो.

निविदा ऑनलाइन असेल तर एक खास सापळा आहे. उघडणाऱ्या अधिकाऱ्याची डिजिटल सही एका छोट्या टोकनवर असते. सचिव बाजूला होतो, पण नव्या अधिकाऱ्याची नोंद पोर्टलवर व्हायला वेळ लागतो म्हणून तो आपले टोकन आणि पासवर्ड क्लार्कला देतो: "तू उघड, मी नाही बघत." पोर्टलच्या नोंदीत मात्र उघडणारा म्हणून सचिवाचेच नाव येते. बाजूला झाल्याचा सगळा कागद एका बाजूला आणि त्याच्याच सहीने उघडलेली निविदा दुसऱ्या बाजूला. अशा वेळी उघडण्याची तारीख दोन दिवस पुढे ढकलणे आणि तसे शुद्धिपत्र लावणे चांगले. शुद्धिपत्र मात्र नव्या अधिकाऱ्याच्या सहीने.

१८ ला सचिवाने कार्यालयात असायला हरकत नाही, पण त्या खोलीत नको. पंचायतीच्या पाक्षिक बैठकीत हा विषय येतो तेव्हा इतिवृत्त लिहायला तोच बसतो, म्हणून तेवढ्या विषयापुरते इतिवृत्त दुसऱ्याने लिहावे आणि "सचिव या विषयावेळी बैठकीबाहेर होते" असे त्यात यावे. हे एक वाक्य नंतर फार उपयोगी पडते.

निविदा मेहुण्याला मिळते

तीन निविदा उघडतात: ८ लाख १२ हजार, ८ लाख ३५ हजार, ८ लाख ५८ हजार. सर्वांत कमी मेहुण्याच्या संस्थेची, २३ हजारांच्या फरकाने. निविदेत नातेवाईकांची अट नव्हती, त्यामुळे ती पात्र ठरते आणि काम त्यांना मिळते. आठवड्याभरात दुसऱ्या निविदाकाराची तक्रार संचालनालयात येते: सचिव आणि विजेता नात्यातले आहेत, आकडा फोडला.

टिपणी नसती तर सचिवाला आता कारणे दाखवा नोटीस आली असती आणि त्याचे उत्तर "मला माहीत नव्हते" पासून सुरू झाले असते, जे जामीनकीचा कागद निघताच कोसळले असते. टिपणी आहे म्हणून उत्तर एका पानात होते: १० तारखेची टिपणी, आठवणपत्र, नेमणुकीचा आदेश, सोपवणीची यादी, इतिवृत्ताचा उतारा. रकमेचा उल्लेख आधी झाला होता हे त्याने स्वतःच लिहिलेले असते, त्यामुळे ते "उघडकीस" येत नाही. अंदाजाची रक्कम नोटिशीत छापलेलीच होती, हे जोडून दाखवता येते. माहितीच्या अधिकाराखाली फाईलवरील टिपण्याही मागता येतात. तक्रारदार त्या मागतो, आणि सचिवाने बाजूला होण्यासाठी काय केले ते तारखांसकट त्याच्या हातात पडते.

भ्रष्टाचार प्रतिबंध कायद्याची भीती अशा वेळी घरात शिरते. १९८८ च्या या कायद्यात २०१८ मध्ये दुरुस्ती झाली. कलम ७ खाली अनुचित लाभ स्वतःसाठी घेतला काय आणि दुसऱ्यासाठी घेतला काय, गुन्हा तोच, शिक्षा तीन ते सात वर्षे. पण नाते असणे हा गुन्हा नाही. नाते लपवून निर्णय घेतला तर तपास करणाऱ्याला हेतू दाखवणे सोपे जाते, एवढेच. खात्यांतर्गत कारवाई मात्र हेतू नसतानाही होऊ शकते, कारण वर्तणूक नियम ४(३) मोडायला हेतू लागत नाही.

सहा महिन्यांनंतरचा धनादेश

आता टप्प्यांची यादी लांब का ठेवली ते सांगतो. माझ्या समोर आलेल्या एका प्रकरणात अशाच जामीनकीत अडकलेल्या सचिवाने निविदेच्या वेळी सगळे नीट केले होते. काम पावसाआधी निम्मे झाले, उरलेले दिवाळीनंतर. तोपर्यंत चार्जवरचा सचिव बदलून दक्षिणेत गेला होता. कंत्राटदाराचे शेवटचे बिल आले, जेईचे मोजमाप पुस्तक आले. पंचायतीच्या धनादेशावर सरपंचांबरोबर सचिवाची सही लागते, आणि कार्यालयात सचिव म्हणून बसला होता तोच. त्याने सही केली. त्याला वाटले, काम झाले, मोजले गेले, बैठकीने मंजूर केले, आता सही म्हणजे नुसता शिक्का.

सही कोणत्या दिवशी झाली आणि त्याच आठवड्यात पतसंस्थेत हप्ता कधी भरला गेला, या दोन तारखा चौकशीत शेजारी ठेवल्या गेल्या. निविदेच्या वेळची उत्तम टिपणी त्याला वाचवू शकली नाही. उलट विचारले गेले, "तुम्हाला हितसंबंध आहे हे माहीत होते, तुम्हीच लिहिले होते, मग?"

नेमणुकीचा आदेश माणसाच्या नावे निघतो, तो माणूस गेला की आदेशही गेल्यासारखाच. म्हणून बदलीची बातमी आली की लगेच एक ओळीचे पत्र: "१० तारखेच्या टिपणीतील कामासाठी नवीन अधिकाऱ्याची नेमणूक व्हावी." फाईलच्या मुखपृष्ठावर लाल शाईने "या कामासाठी सचिव हितसंबंधामुळे बाहेर, आदेश क्र. अमुक" असे लिहून ठेवणेही चालते. दिसायला ओबडधोबड वाटते, पण बिल घेऊन येणारा क्लार्क ते वाचतो आणि थांबतो. मुदतवाढ, दंड माफी, जास्तीचे काम, सुरक्षा ठेव परत करणे, सगळीकडे हेच. खरा पैसा आणि खरी सवलत या उशिराच्या टप्प्यांत असते, निविदेत नाही.

उशिरा कळले तर

संस्थेच्या नावात आडनाव नसल्याने निविदा उघडून झाल्यावर, कधी कार्यादेश गेल्यावर नाते कळते. तेव्हा मोह होतो तो मागची तारीख घालून टिपणी फाईलमध्ये सरकवण्याचा. आवक क्रमांक, पानांची शाई, संगणकातली फाईल कधी तयार झाली याची नोंद, यातले काहीतरी बोलतेच. आणि मग साधी चूक बनावटीकडे जाते.

उशिरा कळले असेल तर उशिरा कळले असेच लिहायचे, आजच्या तारखेला. आजवर आपण केलेली प्रत्येक कृती लिहायची, अमुक दिवशी लिफाफे उघडले, अमुक दिवशी तक्ता केला, आणि त्या कृती दुसऱ्या अधिकाऱ्याकडून तपासून घ्याव्यात अशी विनंती करायची. स्वतःच प्रक्रिया रद्द करायला जाऊ नये. रद्द करायचे की नाही, हा निर्णयसुद्धा आता तुमचा राहिलेला नसतो.

परवान्यात उलटा हितसंबंध

परवान्यांबाबतीत वरचे सगळे लागू पडते, पण एक वेगळा प्रकार तिथे जास्त दिसतो. शेजारी गेस्ट हाऊससाठी बांधकाम परवाना मागतो आणि त्याच्याशी सचिवाच्या सासऱ्यांचा कुंपणाचा वाद कोर्टात आहे. इथे सचिव मदत करेल अशी भीती नाही, तो अडवेल अशी आहे. आणि अडवणे सोपे असते: आज एक कागद कमी, उद्या दुसरा, मग बैठकीच्या विषयपत्रिकेत राहूनच गेले.

गोवा पंचायत राज कायदा, १९९४ च्या कलम ६६ प्रमाणे बांधकाम परवानगीच्या अर्जावर पंचायतीने ३० दिवसांत निर्णय कळवायचा असतो, नाहीतर अर्जदार उपसंचालकाकडे अपील करू शकतो. म्हणजे शत्रुत्वाचा हितसंबंध असला तर घड्याळ लगेच सुरू होते. टिपणी अर्ज आल्याच्या एक-दोन दिवसांत, आणि तिच्यात वादाचा कोर्टातला क्रमांक द्यायचा. त्रुटी काढायच्याच असतील तर त्या दुसऱ्या अधिकाऱ्याने, एकाच वेळी, एकाच पत्रात काढाव्यात. हप्त्याहप्त्याने त्रुटी काढल्या गेल्या की अपील अधिकाऱ्याला त्या पत्रांच्या तारखांवरूनच सगळे कळते.

सासऱ्यांनी त्या अर्जावर हरकत घ्यायची असेल तर ती त्यांनी स्वतः, स्वतःच्या सहीने आवकमध्ये द्यावी. ती सचिवाच्या हस्ताक्षरात लिहिलेली, किंवा पंचायतीच्या संगणकावर टाइप केलेली नसावी. हे सांगावे लागते, कारण दोन्ही प्रकार मी पाहिले आहेत.

शेवटची टिपणी

गटाराचे काम संपले, दोष दुरुस्तीचा काळ संपला, सुरक्षा ठेव नव्या अधिकाऱ्याच्या सहीने परत गेली. दरम्यान मेहुण्याने मिक्सरचे कर्ज फेडले आणि पतसंस्थेने जामीनदाराला मोकळे केल्याचे पत्र दिले. ते पत्र घरच्या कपाटात न ठेवता त्याची प्रत जोडून गटविकास अधिकाऱ्यांना दोन ओळी द्यायच्या: जामीनकी अमुक तारखेला संपली, नाते कायम आहे. म्हणजे पुढच्या वर्षी वॉर्ड पाचच्या पदपथाला मेहुण्याने पुन्हा निविदा भरली तर नव्या टिपणीत एकच धागा लिहायचा उरतो, आणि वाचणाऱ्याला जुन्या फाईलवरून तो पडताळता येतो.